‘गॅरंटीड दामदुप्पट’ आणि तळाची बारीक ओळ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी गेली अठरा वर्षे साताऱ्यात विमा प्रतिनिधी आणि म्युच्युअल फंड वितरक म्हणून काम करतो. त्यामुळे हे पत्र थोडे घरचेच उणे काढणारे आहे.

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका व्यवसायबंधूने पोस्टर टाकले: ‘दरवर्षी फक्त १ लाख, १० वर्षे. मिळवा २० लाख! १०० टक्के गॅरंटीड, टॅक्स फ्री.’ तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत ‘अटी लागू’. पैसे कधी मिळणार, याचा पत्ता नाही. विचारल्यावर कळले, विसाव्या वर्षाच्या अखेरीस.

आता हिशेब पाहू. पहिला हप्ता वीस वर्षे अडकतो आणि दहावा अकरा वर्षे. म्हणजे सरासरी साडेपंधरा वर्षांत पैसे दुप्पट होतात. दामदुपटीच्या ढोबळ नियमाप्रमाणे ७२ ला साडेपंधराने भागले की व्याजदराचा अंदाज येतो, साधारण ४.६ टक्के. संगणकावर काटेकोर काढला तर साडेचार. त्यात विमाछत्र आहे हे खरे, पण ‘दामदुप्पट’ वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर साडेचार टक्के येत नाहीत.

गंमत म्हणजे यातला ‘गॅरंटीड’ हा शब्द खोटा नाही. काही पॉलिसींमध्ये कंपनी मुदतीअखेरची रक्कम करारातच लिहून देते. पण ही हमी कंपनीची असते, पोस्टर टाकणाऱ्याची नव्हे, आणि ती सर्व हप्ते वेळेवर भरून मुदत पूर्ण करणाऱ्यालाच मिळते. तिसऱ्या-चौथ्या वर्षी पॉलिसी मोडली तर भरल्यापेक्षा कमी रक्कम हाती येते. ‘टॅक्स फ्री’चेही तसेच. १ एप्रिल २०२३ पासून घेतलेल्या अशा पॉलिसींचा एकूण वार्षिक हप्ता ५ लाखांवर गेला, तर मुदतपूर्तीच्या रकमेवर ही सवलत राहत नाही. १ लाखवाल्याला अडचण नाही, पण पोस्टर सगळेच वाचतात. बोनसवर चालणाऱ्या पॉलिसीत तर मोठा आकडा हमीचा नसतोच. तिथे लाभाच्या तक्त्यात ४ आणि ८ टक्के असे दोन गृहीत दर धरून आकडे दिलेले असतात. पोस्टरवर मात्र नेमका आठवाला आकडा चढतो.

मीही धुतल्या तांदळासारखा नाही. काही वर्षांपूर्वी माझ्या स्टेटसवर होते: ‘महिना १० हजारांची एसआयपी, १५ वर्षांत ५० लाख.’ हा आकडा वर्षाला १२ टक्के धरला तरच येतो. ८ टक्के धरले तर तो पस्तीस लाखांच्या आत राहतो. बाजार पडला तेव्हा एका शिक्षिकाबाई स्टेटसचा फोटो घेऊनच आल्या. ‘भाऊ, पन्नास लाख तुम्ही लिहिलं होतं,’ म्हणाल्या. खाली ‘गुंतवणूक बाजारातील जोखमीच्या अधीन आहे’ ही ठरलेली ओळ होती. ती मी दाखवली आणि दाखवताना मलाच लाज वाटली. बारा टक्के हे माझे गृहीतक होते, ते कुठेच लिहिलेले नव्हते.

म्हणून माझे म्हणणे एवढेच, की खुलासा आकड्याच्या शेजारी, त्याच आकाराच्या अक्षरांत आणि पोस्ट मराठीत असेल तर मराठीतच हवा. वरचे पोस्टर असे लिहिता आले असते: ‘१० वर्षे दरवर्षी १ लाख भरा, २० वर्षे पूर्ण झाल्यावर २० लाख. परतावा वर्षाला सुमारे साडेचार टक्के, सोबत विमाछत्र. मध्येच बंद केल्यास नुकसान होऊ शकते. हमी विमा कंपनीची, पॉलिसीतील अटींनुसार.’ आणि खाली स्वतःची ओळख: विमा प्रतिनिधी, अमुक कंपनी. म्युच्युअल फंड विकणाऱ्याने एआरएन हा आपला नोंदणी क्रमांक आणि ‘वितरक’ हा शब्द लिहावा. सेबीकडे नोंदणी नसताना ‘गुंतवणूक सल्लागार’ म्हणवून घेणे नियमात बसत नाही, तरी गल्लोगल्ली पाट्या आहेत. विम्याची जाहिरात टाकण्याआधी कंपनीची लेखी मंजुरी लागते, हे तर आमच्यातल्या अनेकांच्या गावीही नसते.

वाचकांपैकी कुणी असे पोस्टर पाहून पॉलिसी घेतली असेल, तर ती हाती पडल्यापासून ३० दिवसांत परत करता येते. थोडी कपात होऊन हप्ता परत मिळतो. तेवढ्या दिवसांत पोस्टर आणि पॉलिसीतला लाभाचा तक्ता शेजारी ठेवून पाहावा.

मी ते साडेचार टक्केवाले पोस्टर खरेच बनवून ग्रुपवर टाकले. दोनच फोन आले. एका काकांनी विचारले, ‘मग एफडी काय वाईट?’ त्यांच्याशी अर्धा तास बोललो. पॉलिसी काही त्यांनी घेतली नाही.

आपला,
एक विमा प्रतिनिधी, सातारा