विषय: 20 × 8 फुटी फ्लेक्स – आमची वेलांटी बॅनरच्या पाठीमागे कशी गेली?

प्रति,
व्यवस्थापक, मोठ्या आकाराची छपाई विभाग

तुमच्या ग्राहक सेवेशी आज चौथ्यांदा बोलणे झाले. पाचव्यांदा बोलायची इच्छा नाही, म्हणून लिहून देतो. ब्लीड म्हणजे कापण्या-दुमडण्यासाठी तयार मापाच्या बाहेर ठेवलेली जादा पार्श्वभूमी, हे तुम्हाला समजावण्याची वेळ येऊ नये, कारण तुम्ही त्याच धंद्यात आहात. फोनवरच्या मंडळींना मात्र ते माहीत नाही, आणि छपाईच्या टेबलावर ज्याने आमची फाइल उघडली त्यालाही नव्हते असे दिसते.

ऑर्डर होती वाचनालयाच्या फाटकावर लावायच्या बॅनरची. तयार माप 20 × 8 फूट, म्हणजे 240 × 96 इंच. चारी कडा मागे दुमडून हीट वेल्डिंग, दर 2 फुटांवर आयलेट. मथळा एका ओळीत, बारीक वळणाच्या अक्षरात: ‘दिवाळी अंक प्रदर्शन’. आता फाटकावर जे लटकले आहे ते रस्त्यावरून ‘दवाळी अंक प्रदर्शन’ असे वाचले जाते. ‘दि’ची उभी रेघ काठावर फक्त अर्धा इंच उरली आहे, ती कोणाला बॉर्डर वाटते, कोणाला घडीची सुरकुती. उजवीकडे ‘न’ची शिरोरेघ काठावरून वळून थेट मागे गेली आहे.

तुमचे म्हणणे, फाइलला ब्लीड नव्हते. फाइलला ब्लीड होते, आणि तुम्ही मागितले होते तेवढेच होते.

तुमच्याच सूचनापत्रात लिहिले आहे की 200 इंचांपेक्षा लांब बॅनरची पीडीएफ 1:10 प्रमाणात द्यावी. सूचना योग्यच आहे, कारण अॅक्रोबॅटमध्ये पानाची साधी मर्यादा 200 इंचांची आहे आणि आमचा बॅनर 240 इंचांचा. त्याच सूचनापत्रात ब्लीड प्रत्येक बाजूला 2 इंच सांगितले आहे: दीड इंच घडीसाठी, अर्धा इंच कापण्यातल्या फरकासाठी. हेही पटते. 20 फुटांचा कपडा हाताने कटर ओढून कापला की रेघ थोडीफार सरकतेच, शिवाय फ्लेक्स ताणला जातो. म्हणून आम्ही पान केले 24 × 9.6 इंच आणि ब्लीड ठेवले 0.2 इंच. हजार टक्के केले की 0.2 चे 2 इंच होतात. ब्लीडसकट फाइल 24.4 × 10 इंच, म्हणजे छपाईत 244 × 100 इंच. हे हिशेब शाळेतल्या पोराला जमतात. प्रमाण फाइलच्या नावातही टाकले होते: `Banner_20x8ft_SCALE-1-10_PRINT-1000pct.pdf`. ऑर्डरच्या सूचनांच्या चौकटीतही पुन्हा लिहिले होते.

ते 0.2 इंच आम्ही कसे भरले, तेही सांगतो, म्हणजे तुमच्या माणसाने काय फेकून दिले ते कळेल. मागे संध्याकाळच्या आकाशाचा ग्रेडियंट आहे. तो कडेच्या रंगाची पट्टी चिकटवून वाढवला नाही, कारण तसे केले की जिथे ग्रेडियंट संपतो तिथे सपाट पट्टा दिसतो. ग्रेडियंटची चौकटच ब्लीडपर्यंत ओढली आणि त्यातल्या रंगांचे थांबे जुन्या जागी परत आणून ठेवले. खाली पणत्यांच्या ओळीचा फोटो आहे. तिथे कडेची पट्टी आरशासारखी उलटवून जोडणे सोपे असते, पण उलटवली की अर्धी पणती स्वतःच्याच प्रतिबिंबाला चिकटते आणि कापताना रेघ अर्धा इंच आत-बाहेर झाली तर ते जोडपे समोर दिसते. म्हणून शेवटची पणती पूर्ण आत घेतली आणि तिच्यापलीकडे फक्त जमीन क्लोन करून नेली. काठाला समांतर चौकट मुद्दाम टाळली, कारण कापण्यातला अर्धा इंच फरक सगळ्यात आधी चौकटीवर उघडा पडतो. आणि मजकूर, वाचनालयाचे गोल चिन्ह, पत्ता यांतले काहीही तयार काठापासून 4 इंचांच्या आत येऊ दिले नाही. हे 4 इंच शिरोरेघेपासून धरले नव्हते. वर मात्रा आणि रफारापासून, खाली उकारापासून, डावीकडे वेलांटीच्या उभ्या रेघेपासून मोजले होते. आयलेटचे केंद्र काठापासून 1 इंच आत येते, म्हणजे तिच्यापासूनही सगळे सुरक्षित.

ब्लीड वाढवायचे म्हणजे फक्त पार्श्वभूमी बाहेर ओढायची, मजकूर जागचा हलवायचा नाही. एवढाच मुद्दा आहे. तुमच्या माणसाने नेमके उलटे केले.

त्याने काय केले ते तुमच्या ई-मेलवरून आणि बॅनरवर टेप लावून आम्हीच शोधले, कारण तुमच्याकडून कोणी सांगेना. पीडीएफ फोटोशॉपमध्ये उघडताना `Crop To: Trim Box` निवडले. झाले, आमचे सगळे ब्लीड तिथेच उडाले. मग उरलेल्या चित्राला ‘ब्लीड कमी आहे’ म्हणून ते सबंध मोठे केले. उंची 96 ची 100 इंच करायची तर चित्र 104.17 टक्के होते. त्याच प्रमाणात रुंदी 240 ची 250 झाली. छपाई 244 चीच हवी, म्हणून दोन्ही बाजूंचे 3-3 इंच कापले, शिवाय आणखी 2-2 इंच छाटणीत आणि घडीत गेले.

चित्र मधोमध धरून मोठे केले की प्रत्येक गोष्ट केंद्रापासून दूर सरकते, आणि जी जितकी लांब ती तितकी जास्त सरकते. वरखाली अर्धी उंची 48 इंच, तिथे काठावरची वस्तू 2 इंच सरकली. आडवी अर्धी रुंदी 120 इंच, तिथे 5 इंच सरकली. आमची वेलांटी केंद्रापासून 116 इंचांवर होती, ती 120.83 वर गेली. घडी 120 वर आहे. म्हणजे सव्वा इंच जाडीच्या रेघेचा 0.83 इंच भाग घडीच्या पलीकडे. तळाचा पत्ता मात्र काठापासून 2 इंचांवर का होईना, शाबूत राहिला. तुमच्या माणसाने बहुधा वर-खालीच नजर टाकली आणि ‘बसले’ म्हणून पुढे ढकलले.

शंका असेल तर टेप घ्या. फाइलमध्ये गोल चिन्हाचा व्यास 2 इंच आहे, म्हणजे बॅनरवर 20 इंच यायला हवा. प्रत्यक्षात 20 इंचांवर 2 सेंटिमीटरपेक्षा थोडा जास्तच भरतो. नुसते ब्लीड कमी पडले असते तर चिन्ह 20 चेच राहिले असते आणि काठाला पांढरी पट्टी दिसली असती. पांढरी पट्टी कुठेच नाही. याचा अर्थ चित्र मोठे केले गेले.

आता आजच्या संभाषणाबद्दल. हे जसेच्या तसे लिहितो, कारण तुमच्याकडे ‘गुणवत्तेसाठी’ रेकॉर्डिंग होते म्हणतात, तर तपासून घ्या.

तुमचे प्रतिनिधी: “सर, आमच्या सिस्टिममध्ये ब्लीड 5 मिलिमीटर दिसतंय. आम्हाला 2 इंच लागतं.”
आम्ही सांगितले की फाइल 1:10 मध्ये आहे, 5 मिलिमीटरचे 5 सेंटिमीटर होतात, म्हणजेच 2 इंच.
“हो सर, पण मग तुम्ही फाइलमध्ये 2 इंच द्यायला हवं होतं.”
1:10 च्या फाइलमध्ये 2 इंच दिले तर छपाईत 20 इंच होतील, बॅनर सव्वातेवीस फुटांहून लांब होईल, असे सांगितल्यावर थोडी शांतता. मग:
“सर, मी तुम्हाला ब्लीडची माहिती असलेली लिंक पाठवतो, तुमच्या डिझाइनरला वाचायला द्या.”
लिंक आली. ती व्हिजिटिंग कार्डाची होती. 3 मिलिमीटर.
आम्ही विचारले, मजकूर कापला गेला त्याचे काय? त्यावर हे वाक्य आले, आणि यासाठीच हे पत्र आहे:
“सर, वेलांटी कुठे गेली नाहीये. पूर्ण छापली आहे. मागच्या बाजूला दुमडली आहे फक्त.”

खरे आहे. आम्ही फाटकाच्या आतून जाऊन पाहिले. वेल्डिंगच्या पट्टीवर आमच्या वेलांटीचा 0.83 इंच भाग व्यवस्थित, ठळक, उत्तम रंगात छापलेला आहे. वाचनालयाच्या कोपऱ्यातून पुस्तक बदलून परत जाणाऱ्या वाचकांना तो दिसतो. रस्त्यावरच्यांना नाही. तुमची छपाई खरोखर चांगली आहे, याबद्दल दुमत नाही.

नंतर वरिष्ठ आले. त्यांचे म्हणणे, “तुम्ही प्रूफ अप्रूव्ह केलं होतं.” प्रूफमध्ये वेलांटी जागेवर होती. ते प्रूफ मोठे करण्याआधीच्या फाइलचे होते, त्यावर ना घडीची रेघ होती ना आयलेट. आम्ही मंजूर केलेली गोष्ट तुम्ही छापलीच नाही. आणि पुन्हा सांगतो, फाइलला ब्लीड होते.

रस्त्यावरच्या साध्या फ्लेक्सवाल्याकडे गेलो असतो तर त्याने पहिला प्रश्न विचारला असता, “साइज तयार की छापायचा?” तेवढ्या एका प्रश्नावर हे सगळे टळले असते. तुमच्याकडे आलो ते लेखी सूचनापत्र असते म्हणून. ते तुमच्याच लोकांनी वाचले नाही.

मागणी एवढीच: बॅनर पुन्हा, विनामोबदला छापून द्यावा. पीडीएफ ब्लीडसकट घ्यावी, प्रमाण 1000 टक्के ठेवावे, ‘फिट’ नावाच्या कुठल्याही पर्यायाला हात लावू नये. छापून आल्यावर कापण्याआधी दोन मापे घ्यावीत: छापील भाग 244 × 100 इंच, गोल चिन्ह 20 इंच. दोन्ही जुळले तरच कटर उचलावा. चारी बाजूंनी अर्धा इंच कापून दीड इंच घडी. छपाईसाठी 10 फुटी रोल लागेल. 8 फुटी रोलवर 100 इंच मावत नाहीत, तिथे पुन्हा कोणी ‘थोडेसे लहान करून’ बसवू नये.

प्रदर्शन शनिवारी उघडते. शुक्रवारी दुपारपर्यंत बॅनर आला नाही तर पैसे परत हवेत, आणि तेही न मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवून पुढे ग्राहक आयोगाकडे जाऊ. सोबत फाइल, प्रूफ, टेप लावलेले फोटो आणि बॅनरच्या पाठीमागून काढलेला वेलांटीचा फोटो जोडला आहे.

– वाचनालयाच्या कार्यकारिणीतर्फे