काट्याचे झाकण उघडे का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या अंकातील सोने खरेदीवरचा लेख वाचला. हॉलमार्क, दागिन्यावरचा एचयूआयडी क्रमांक, घडणावळ, सगळे व्यवस्थित आले आहे. वजनकाट्याबद्दल मात्र अवाक्षर नाही. हॉलमार्कने सोने किती शुद्ध आहे ते कळते, किती आहे ते काट्यावरच कळते, आणि पैसे आपण त्या आकड्यावर मोजतो. लेख वाचून मला गेल्या महिन्यातला प्रसंग आठवला आणि राहवले नाही, म्हणून हे पत्र.

सुनेसाठी साखळी घ्यायला आम्ही गुजरीतल्या एका दुकानात गेलो होतो. काट्यावर काचेची पेटी होती, वर पंखा जोरात चालू होता. कामगाराने पेटी बंद असताना काटा शून्यावर आणला, मग झाकण उघडून साखळी ठेवली आणि झाकण उघडेच ठेवून आकडा वाचला. आकडा 12.330 ते 12.350 असा नाचत होता. त्याने 12.350 लिहिले.

मी एकतीस वर्षे महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेत नोकरी केली आहे. तिथे पेटी उघडी ठेवून वजन घेतलेल्या मुलाला आम्ही पुन्हा वजन करायला लावत असू. पंख्याचा वारा पारड्यावर दाबतो. मिलिग्रॅम दाखवणाऱ्या काट्याला तेवढा दाब पुरतो. शून्य बंद पेटीत आणि वजन उघड्या पेटीत घेतले, की वाऱ्याचा दाब साखळीच्या वजनात जमा होतो. मी झाकण लावायला सांगितले. आकडा 12.300 वर येऊन स्थिर झाला. मग साखळी काढून रिकाम्या पारड्यावर झाकण उघडायला लावले, तर तिथेही 0.030 ते 0.050 दिसू लागले. म्हणजे त्या साखळीत 50 मिलिग्रॅम वारा होता. हिशेबासाठी भाव ग्रॅमला 10,000 रुपये धरला, तर हे 500 रुपये झाले. वर टक्क्यांनी लावलेली घडणावळ आणि 3 टक्के जीएसटी वेगळा.

मालक म्हणाले, "काका, एवढा फरक चालतोच, कायद्यातच सूट आहे." या वाक्याचा मला खरा राग आला. सूट आहे, पण किती? काट्यावरच्या पट्टीवर e आणि d असे दोन आकडे असतात. त्या काट्यावर d 1 मिलिग्रॅम आणि e 10 मिलिग्रॅम होता. d म्हणजे पडद्यावरचा शेवटचा आकडा किती बारीक आहे ते. सूट मात्र e वर ठरते. सराफाकडच्या अशा काट्यावर 5000 e पर्यंत, म्हणजे इथे 50 ग्रॅमपर्यंत, सरकारी पडताळणी आणि मुद्रांकनाच्या वेळी अर्धा e आणि वापरात असताना एक e इतकी चूक चालते. म्हणजे जास्तीत जास्त 10 मिलिग्रॅम, कमी किंवा जास्त. माझ्या साखळीत फरक त्याच्या पाचपट होता, आणि तोही काट्याचा नव्हे, वजन करण्याच्या पद्धतीचा. एक मात्र सांगायला हवे: दोन दुकानांच्या वजनात 15-20 मिलिग्रॅमचा फरक आला, तर लगेच कुणाला चोर ठरवू नये. दोन्ही काटे आपापल्या मर्यादेत असूनही तेवढा फरक पडू शकतो.

म्हणून दुकानात पैसे देण्याआधी एवढे करावे. वैधमापन विभागाचे पडताळणी प्रमाणपत्र भिंतीवर आहे का आणि त्याची मुदत संपली नाही ना, ते पाहावे. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दरवर्षी होते. पेटी बंद असताना शून्य पाहावे, दागिना ठेवून पुन्हा पेटी बंद करवावी, आकडा स्थिर झाला की मगच लिहू द्यावे. दागिना काढल्यावर काटा शून्यावर परत येतो का, हे बघितल्याशिवाय हलू नये. शंका आली तर दुकानातले 10 ग्रॅमचे मुद्रांकित वजन ठेवायला सांगावे. खिशातले नाणे कामाचे नाही. नाणे झिजते, नवी नाणीही एकमेकांशी मिलिग्रॅमपर्यंत जुळत नाहीत. त्यावरून मोठी चूक फार तर कळेल, 50 मिलिग्रॅमची नाही.

त्याच दिवशी पत्नीने मंगळसूत्रही दाखवायला सांगितले होते. कामगाराने काळ्या मण्यांसह एकच वजन सांगितले आणि ते सगळे सोन्याच्या भावाने गुणले. मणी वेगळे करा म्हटल्यावर, "गाठवून झाले आहे, आता सुटत नाही" असे उत्तर मिळाले. मणी ओवण्याआधीचे वजन त्यांच्याकडे लिहिलेले असणारच, आणि हॉलमार्कच्या दागिन्याच्या बिलात सोन्याचे निव्वळ वजन वेगळे यायला हवे. आम्ही मंगळसूत्र घेतले नाही. साखळी मात्र 12.300 ग्रॅमच्या बिलावर घेतली.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा साहाय्यक, कोल्हापूर