डाळिंबीचे तीन रंग

कुडाळ

प्रिय बाळ्या,

गणपतीपासून पत्र नाही, शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. तब्येत ठीक, गुडघा तेवढा कुरकुरतो.

जत्रा तोंडावर आल्यात. दशावतारातल्या राजाचा पोशाख शिवायला आलाय: मखमलीचा अंगरखा, रेशमी शेला, सुती धोतर, सगळं एकाच डाळिंबी रंगात. कापड नमुन्याशी जुळवून रंगवून घेतलं, तरी कंपनीचे मालक तिन्ही शेजारी ठेवून म्हणाले, "मास्तरांनू, ह्यो एकच रंग मां? मगे तीन कसे दिसतत?" वर पैसे अडकवले! आपल्या मास्तरांकडे तू आणि मी यावरूनच भांडायचो, म्हणून तुलाच लिहितोय.

कापडाच्या वरवरून परततो तो उजेड दिव्याच्याच रंगाचा असतो. धाग्यात शिरून बाहेर येतो तोच डाळिंबी. रेशमाचा तंतू लांबलचक, गुळगुळीत, त्यामुळे दिव्याचा उजेड एकाच बाजूला जातो. शेल्याची एखादी चुणी पांढरी चमकते, बाकी रंग गडद, स्वच्छ. कापसाचा तंतू आखूड, चपटा, पीळ पडलेला, वर बारीक रोंवा. तो उजेड चहूकडे उधळतो, मग जिथे बघावं तिथे रंगात थोडं पांढरं मिसळलेलं. म्हणून धोतर फिकट. मी त्याचा कोपरा पाण्यात बुडवला. तंतूंमधल्या फटी पाण्याने भरल्या, उधळण कमी झाली आणि तेवढाच भाग मखमलीच्या जवळ गेला. मालक गप्प. (तू असतास तर चहा मागवला असतास, माझ्या पैशाने.)

मखमलीत उजेड उभ्या लवेत शिरतो, एका तंतूवरून दुसऱ्यावर आपटत बराचसा आतच जिरतो. परततो तो थोडा आणि रंगाने भरलेला. लवेवरून हात वर फिरवला की समोरून काळपट, खाली फिरवला की उजळ. बाह्या उलट्या लवेच्या कापल्या तर एकाच ताग्यातला अंगरखा दोन रंगांचा दिसतो. लव वरच्या दिशेला ठेवायची हे माझं म्हणणं, आठवतंय? रंग भरदार दिसतो. तू मात्र "झिजते, खालीच ठेव" म्हणून अडून बसलास. रोज वापरायच्या कपड्याला तुझं खरं, नाटकाला माझं.

एक मात्र तपासलं. कापड तिरकं केल्यावर फरक हलला तर तो पोताचा. दिवा बदलल्यावर रंग फुटले तर रंगद्रव्यं वेगळी, कारण सुताचा आणि रेशमाचा रंग बहुधा एक नसतो. इथे दुकानात आणि अंगणात तिन्हींचं नातं तेच राहिलं. म्हणजे रंगारी निर्दोष.

वहिनींची बदली झाली म्हणे, बरं झालं. पोराच्या दहावीचं कळव.

मुंबईत सुती डाळिंबी एक छटा गडद मिळेल का? पाच मीटर हवं. दुकानाबाहेर आणून, टांगून, दहा पावलांवरून बघ, हातात धरून नको. पैसे मालकांनी सोडले की लगेच पाठवतो.

तुझा,
दिन्या