हायडॅटिड गाठीतले पाणी सुईने का काढू नये

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पोटाची सोनोग्राफी आता तालुक्याच्या गावीही होऊ लागल्याने यकृतातल्या ‘पाण्याच्या गाठी’ पूर्वीपेक्षा लवकर सापडतात, ही चांगलीच गोष्ट आहे. मात्र रिपोर्ट हाती पडताच नातेवाईक डॉक्टरांना जो आग्रह करतात, तो कधीकधी जिवावर बेतू शकतो, म्हणून हे पत्र.

धारूरकडच्या एका मेंढपाळ कुटुंबातली पस्तिशीची बाई उजव्या बरगडीखाली जड वाटते म्हणून आली होती. ताप नाही, कावीळ नाही, भूक ठीक. सोनोग्राफीत यकृताच्या उजव्या भागात नऊ सेंटीमीटरची गाठ दिसली आणि त्या गाठीच्या आत लहान लहान गाठी एकमेकींना चिकटून बसलेल्या होत्या. दिराचे म्हणणे असे, की त्याच्याही यकृतात पू झाला होता, तेव्हा सुई घालून तो काढला आणि तिसऱ्या दिवशी तो घरी आला. मग वहिनीचे पोट फाडायचे कशाला? प्रश्न रास्त होता. पण दिराचा आजार अमीबामुळे झालेला गळू होता. तो काही दिवसांत वाढतो, तापाने माणूस फणफणतो आणि तिथे सुईने पू काढणे हा प्रसंगी योग्य उपचार असतो. वहिनीची गाठ मात्र कुत्र्याच्या फीतकृमीची, म्हणजे हायडॅटिड होती आणि ती बहुधा कित्येक वर्षे मुकाट्याने वाढत होती.

हा कृमी जेमतेम अर्धा सेंटीमीटर लांबीचा असून तो कुत्र्याच्या आतड्यात राहतो. त्याची अंडी विष्ठेतून मातीत, पाण्यात, भाजीपाल्यावर आणि कुत्र्याच्या अंगावरच्या केसांतही येतात. माणसाने ती नकळत गिळली, की त्यांतून निघालेली अळी आतड्याची भिंत भेदून रक्तावाटे आधी यकृतात पोहोचते. बहुतेक अळ्या तिथेच अडकतात, काही पुढे फुप्फुसात जातात. तिथे गाठ वर्षाला साधारण एखादा सेंटीमीटर, कधी त्याहून कमी-जास्त, वाढते. म्हणूनच लहानपणी झालेली लागण पस्तिशीत कळावी, यात नवल नाही.

गाठीच्या आतल्या नाजूक पडद्यावर कृमीची सूक्ष्म मुंडकी सतत तयार होत असतात आणि स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यात ती वाळूसारखी तरंगतात. गाठ ताणलेली असते. कोणतीही तयारी न करता सुई टोचली, तर त्या छिद्रातून पाणी उदरपोकळीत झिरपते आणि त्यातले प्रत्येक मुंडके नवी गाठ धरू शकते. काही वर्षांनी त्याच रुग्णाच्या पोटात ठिकठिकाणी गाठी सापडतात. दुसरा धोका तात्काळ असतो. या पाण्यातल्या प्रथिनांची शरीराला आधीच ओळख झालेली असल्याने ती रक्तात मिसळताच तीव्र ॲलर्जी उसळू शकते: अंगावर गांधी उठतात, श्वास कोंडतो, रक्तदाब कोसळतो. असे क्वचित घडते, पण घडले तर हाताशी मिनिटेच असतात.

सुई सर्वस्वी वर्ज्य आहे, असे मात्र नाही. 1980च्या दशकापासून निवडक गाठींवर एक पद्धत वापरली जाते: आधी अल्बेंडाझोल हे जंतांवरचे औषध सुरू करायचे, सोनोग्राफीत पाहत यकृताच्या जाड भागातून सुई न्यायची, पाणी ओढून घ्यायचे, त्यात पित्त नाही ना हे तपासायचे, मगच कृमी मारणारे तीव्र मिठाचे द्रावण किंवा अल्कोहोल आत सोडून काही वेळाने परत काढायचे. पित्तनलिकेशी वाट जोडलेली असताना हे द्रावण सोडले, तर त्या नलिका कायमच्या आकसू शकतात. भूलतज्ज्ञ आणि ॲलर्जीची औषधे शेजारी हवीतच. या बाईला तीही पद्धत लागू नव्हती, कारण आतल्या प्रत्येक पिल्लू-गाठीला स्वतंत्र भिंत होती आणि द्रावण तिथवर पोहोचले नसते. अल्बेंडाझोल देऊन, भोवती मिठाच्या द्रावणात भिजवलेल्या घड्या रचून शस्त्रक्रिया केली, गाठ रिकामी केली आणि गोळ्या पुढेही चालू ठेवल्या. (शाळेत जंतासाठी मिळणारी एक गोळी इथे पुरत नाही.)

फुप्फुसातल्या गाठीला तर सुई लावूच नये. ती फुटली, की खोकल्यातून अचानक खारट पाणी आणि द्राक्षाच्या सालीसारखे पांढरे पापुद्रे पडतात. शस्त्रक्रियेआधी अल्बेंडाझोल दिल्यानेही ती फुटू शकते, म्हणून तिथे ती गोळीदेखील मनाने घेऊ नये. उलट यकृतातली जुनी, आटून भिंतीत चुना साठलेली गाठ बहुधा नुसती सोनोग्राफीने पाहत राहिली तरी चालते.

कंदुरीला किंवा जत्रेत बकरे कापताना कलेजीत वा फोपशात पाण्याचे फोड दिसले, की तो भाग कुत्र्यांपुढे टाकण्याची आपल्याकडे रीत आहे. तो मांसाहारातून माणसाला बाधत नाही, पण कच्चा कुत्र्याच्या पोटात गेला, की साधारण दीड महिन्यात तेच कुत्रे अंडी टाकू लागते. असा भाग जाळावा किंवा कुत्र्याला उकरता येणार नाही इतका खोल पुरावा, आणि वाड्यावरच्या कुत्र्यांना पशुवैद्यकाकडून प्राझिक्वांटेल हे फीतकृमीवरचे औषध वेळोवेळी द्यावे.

आपला,
एक निवृत्त शल्यचिकित्सक, अंबाजोगाई