हनुवटीपर्यंत कपडे: एका ताईंचे आभार

आदरणीय ताई,

सादर नमस्कार. त्या दिवशी तुम्ही माझ्या कवितेवर तळहात ठेवलात, त्याबद्दल हे पत्र. समोर असताना मला धड आभारही मानता आले नव्हते.

पहिल्या पावसाच्या वासावरची ती कविता मी तोवर तीन जाणत्या माणसांना दाखवली होती. एकांनी न वाचताच सांगितलं की पावसावर आता कोणी लिहू नये. दुसऱ्यांनी ‘मृद्गंध’च्या जागी आणखी भारदस्त शब्द सुचवला. तिसऱ्यांनी उपमा वाढवायला सांगितल्या, आणि मी वाढवल्यासुद्धा. त्या वासात मला नेमकं काय आठवतं, हे तिघांपैकी एकानेही विचारलं नाही. त्याचा राग अजून गेलेला नाही.

तुम्ही चौदा ओळी दोनदा वाचल्यात आणि वरच्या दहा ओळी तळहाताने झाकल्यात. दरवळणारा मृद्गंध, चिंब झालेलं मन, तृप्त धरती, सगळं त्या हाताखाली गेलं. खाली उरलेल्या चार ओळींत पहिली होती अकरावी, ‘आणि आई कपडे काढायला धावली’. तुम्ही हात उचलला नाहीत. तसाच ठेवून विचारलंत, “वास आला तेव्हा तुमचे हात कुठे होते?”

एवढंच. पण माझ्या हातांत काय होतं ते मला त्याच क्षणी आठवलं. दोरीवरून काढलेले कपडे होते, हनुवटीपर्यंत रचलेले, उन्हाने कडक झालेले. दादाच्या शर्टाची एक बाही खाली धुळीत लोळत होती. आई ओरडेल म्हणून मी ती गुडघ्याने वर ढकलायला बघत होतो. इतकी वर्षं ही बाही कुठे होती?

वासाला मराठीत शब्द कमी नाहीत. खमंग, कुबट, करपट, उग्र असे कितीतरी आहेत. पण या वासाला आपण ‘मातीचा’ म्हणतो, म्हणजे तो कुठून आला तेवढंच सांगतो. ‘मृद्गंध’ म्हटलं की वाचणारा मान डोलावतो आणि पुढे जातो, त्याच्या नाकापर्यंत काहीच पोचत नाही. तुम्ही सांगितलेली कसोटी मी आता दर वेळी लावतो. वासाचं नाव खोडायचं आणि बघायचं, वास उरतो का. माझ्या जुन्या मसुद्यात नाव खोडल्यावर काहीच उरत नव्हतं.

दुसरी चूक तुम्ही जाता जाता दाखवलीत. माझ्या कवितेत पाऊस कोसळत होता. तुम्ही म्हणालात, “कोसळायला लागल्यावर वास राहतो का?” घरी येऊन वाचलं तर शास्त्रही तेच सांगत होतं. मातीतले सूक्ष्मजीव जिओस्मिन नावाचं द्रव्य तयार करतात आणि ते कोरड्या मातीत साठून राहतं. थेंब पडला की मातीच्या छिद्रांतली हवा त्याच्याखाली अडकते, तिचे बुडबुडे वर येऊन फुटतात आणि त्यांच्यासोबत वासाचे बारीक तुषार उडतात. २०१५ साली वेगवान कॅमेऱ्यांनी हे टिपलं गेलं, आणि हलक्या-मध्यम सरीत तुषार जास्त उडतात, जोरदार पावसात कमी, हेही दिसलं. शिवाय नाक थोड्याच वेळात सरावतं. म्हणजे माझ्या कवितेला वेळ होता तो पहिल्या चार-दोन थेंबांपुरता. धो-धो पावसाच्या चार ओळी मी त्याच रात्री काढून टाकल्या.

उरलं ते असं:

दोरीवरचे कपडे ओढत आई म्हणाली, धर.
मी धरले, हनुवटीपर्यंत.
दादाच्या शर्टाची एक बाही
धुळीत लोळत होती.
तिच्याशेजारी थेंब पडला,
धुळीत खळगा करून.
मग दुसरा.
आई हात वर करून तशीच थांबली
आणि तिने श्वास घेतला.

शेवटच्या दोन ओळींसाठी सहा दिवस गेले. आधी तिथे ‘वास आला’ असं होतं. ते खोडलं की कविता बाहीपाशीच थांबायची. मग आठवलं की वास मला आधी कळलाच नव्हता. माझं नाक कपड्यांत होतं, साबणाच्या आणि उन्हाच्या वासात. धावपळ करणारी आई अचानक का थांबली म्हणून मी मान वर केली, आणि मग तो आला.

ताई, दुसऱ्याच्या ओळींवर हात ठेवून थांबायला सवड लागते आणि समोरच्याकडे सांगण्यासारखं काहीतरी आहे असा विश्वास लागतो. तुमची-माझी ओळख अर्ध्या तासाची होती. तरी तुम्ही मला ओळ सुचवली नाहीत, माझीच ओळ मला दाखवलीत. अशी चांगुलपणाने वागणारी माणसं भेटतात, हे मी त्या तिघांनंतर विसरायला लागलो होतो.

कविता आईला वाचून दाखवली. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “चिमटे बाहेरच राहिले होते त्या दिवशी.” चिमटे कवितेत घेतलेले नाहीत, पण तुम्हाला कळवावंसं वाटलं.

आपला,
तुमच्याकडे चौदा ओळी घेऊन आलेला