पँटचा नंबर म्हणजे कंबर नव्हे

महोदय,
माझ्या मेहुण्याची उंची १६८ सेंटिमीटर, वजन ६६ किलो. उंचीच्या मानाने वजन सांगणारा बीएमआय २३.४, म्हणजे जागतिक तक्त्यात अगदी 'नॉर्मल'. आपल्याकडे मात्र २३ पासूनच जादा वजन धरतात. पँट ३४ नंबरची, म्हणून तो निर्धास्त. पण पँट पोटाखाली बसते! शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर टेप लावली तर आकडा आला ९३ सेंटिमीटर.

युरोपीय पुरुषांसाठी कमरेची मर्यादा ९४ सेंटिमीटर आहे. दक्षिण आशियाई पुरुषांसाठी ९०, स्त्रियांसाठी ८०. त्याचा रक्तदाब १३४/८६, रक्तातली चरबी म्हणजे ट्रायग्लिसराइड १८०. साखर आणि एचडीएल हे चांगले कोलेस्टेरॉल ठीक. कंबर धरून या पाचपैकी तीन निकष भरले की मेटाबॉलिक सिंड्रोम, म्हणजे मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका वाढवणारी अवस्था. युरोपीय पट्टीने त्याचे दोनच भरतात, आपल्या पट्टीने तीन.

हा चार सेंटिमीटरचा फरक उगाच नाही. तितक्याच वजनात आपल्या शरीरात स्नायू कमी आणि चरबी जास्त असते, तीही पोटाच्या आत, यकृताभोवती. तिथून सुटणाऱ्या मेदाम्लांमुळे यकृत आणि स्नायू इन्सुलिनला नीट दाद देत नाहीत. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापलेला फोटो आठवतो. दोघांचाही बीएमआय २२.३, चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२!

९० ही काही लक्ष्मणरेषा नव्हे. ८९ वाल्यालाही झटका येऊ शकतो. पण आरोग्य तपासणीत वजनकाटा असतो आणि टेप का नसते, हे मला अजून कळलेले नाही.

– एक वाचक