एका पोत्याच्या दोन किमती: माननीय कृषिमंत्र्यांना खुले पत्र

माननीय कृषिमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांना सविनय नमस्कार.

मी जालना जिल्ह्यातील परतूर तालुक्यात बावीस वर्षांपासून खत-बियाण्यांचे दुकान चालवतो. अनुदानित युरियाचा एखादा ट्रक कारखान्याच्या वाटेवर पकडला गेला की पुढच्या आठवड्यात आमच्या दुकानांची तपासणी वाढते, साठा नोंदवहीत आणखी एक रकाना येतो आणि काही दिवसांनी सगळे पूर्ववत होते. तपासणीला माझी हरकत नाही. परंतु गळती कशामुळे होते याचा हिशेब मांडल्याशिवाय ती कुठे अडवायची हे ठरणार नाही, म्हणून हे पत्र.

एकच माल दोन गिऱ्हाइकांना दोन भावांत विकायचा असेल, तर स्वस्तात घेणाऱ्याला तो महागात घेणाऱ्याकडे नेता येऊ नये, ही पहिली अट असते. एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे. ते कोणी पुढे विकत नाही, कारण प्रवास वाहकाच्या डोळ्यांदेखत तिथेच संपतो. युरियाचे नेमके उलट आहे. ४५ किलोचे पोते शेतकऱ्याला २६६ रुपये ५० पैशांना, म्हणजे किलोला सहा रुपयांच्या आत मिळते, आणि तोच दाणा प्लायवूडचा डिंक करणाऱ्याला बाजारभावाने घ्यावा लागतो. दाणा कोरड्या जागी महिनोन्महिने टिकतो, ट्रकमध्ये मावतो आणि कोणाच्या नावावर विकला गेला हे त्याच्यावर लिहिलेले नसते.

आता पलीकडच्या माणसाचा हिशेब पाहू. आकडे उदाहरणादाखल घेतो. कारखान्याला औद्योगिक युरिया ४० रुपये किलोने पडतो असे धरा. चोरीचा माल असेल तर तो ३० रुपये देईल, म्हणजे पोत्याला १,३५० रुपये. दलालाचा खर्च असा: पोत्याचे २६६.५०, ज्याच्या अंगठ्यावर ते उचलले त्याला २००, हमाली, भाडे आणि गोणी बदलण्याचे १००, एकूण ५६६.५०. याचा अर्थ दहांपैकी जेमतेम सव्वाचार ट्रक पोहोचले तरी त्याचे भांडवल सुटते. दंड आणि तुरुंग बाजूला ठेवला, तर नुसत्या जप्तीने हा धंदा तोट्यात आणायला दहांतले जवळजवळ सहा ट्रक पकडावे लागतील. कारखान्याने १५ रुपयेच दिले असते, तर पोत्याचे ६७५ आले असते आणि दहांतले दोन ट्रक पकडणे पुरले असते. म्हणजे किती पोलीस लागतील हे दोन भावांतील अंतर ठरवते. २०२१-२२ मध्ये जागतिक बाजारात युरिया भडकला तेव्हा इथला भाव जागचा हलला नाही आणि हे अंतर आपोआप रुंदावले.

शासनाने आजवर केलेले उपाय हे अंतर मिटवत नाहीत. अंतर ओलांडायचा खर्च तेवढा वाढवतात. त्यातला गाजलेला उपाय कडुनिंबाच्या लेपाचा. २०१५ पासून सगळा अनुदानित युरिया नीमकोटेड आहे. मातीत नत्र सावकाश सुटावे हा त्याचा शेतीतील उपयोग खरा आहे. पण मालाला मुद्दाम असे रूप द्यायचे की एका गिऱ्हाइकाला तो चालेल आणि दुसऱ्याला नको होईल, हा त्यामागचा व्यापारी डाव. तो किती चालतो हे तेलाच्या मापावरून कळते. खत नियंत्रण आदेशानुसार तेलाचे किमान प्रमाण ०.०३५ टक्के आहे, म्हणजे एका पोत्यात सुमारे सोळा ग्रॅम. डिझेल गाड्यांच्या धूर-शुद्धीकरणाच्या द्रावणाला अतिशय शुद्ध युरिया लागतो, तिथे ही अडचण मोठी आहे. प्लायवूडच्या डिंकाला एवढ्या तेलाचे फारसे काही वाटत नाही, आणि पकडलेल्या साठ्यांत नीमकोटेड युरिया सापडत राहतो तो त्यामुळेच.

दुसरा उपाय पॉस यंत्राचा. आधार आणि अंगठा घेतल्याशिवाय मी पोते देऊ शकत नाही, आणि कंपनीला अनुदानही त्या नोंदीवरच मिळते. पण यंत्र माणूस कोण ते सांगते, त्याचे शेत किती हे सांगत नाही. मागच्या जूनमध्ये, पहिला पाऊस पडून दोन दिवस झालेले असताना, एक जण चार माणसांना घेऊन दुकानात आला. चौघांनी एकापाठोपाठ अंगठे लावायची तयारी दाखवली, प्रत्येकाला फक्त युरिया हवा होता, डीएपी नको, दहा-सव्वीस नको, बियाणे नको. कोणते पीक, असे विचारल्यावर चौघांनी सोबतच्या माणसाकडे पाहिले. मी माल नाही म्हणून सांगितले. यंत्राच्या दृष्टीने मात्र त्या विक्रीत काहीही चूक नव्हती.

खरा सुगावा पिकात आहे, साहेब. आपल्या मराठवाड्यात खरिपाला सोयाबीन मोठे आहे, आणि सोयाबीन मुळांवरच्या गाठींतून आपले बरेचसे नत्र आपणच मिळवते. त्याची शिफारस हेक्टरी ३० किलो नत्राची. ते सगळे युरियातून दिले तरी दीड पोत्याच्या आत भागते. कपाशी, मका आणि उसाला अर्थातच जास्त लागतो. मग ज्या मंडळात ई-पीक पाहणीत सोयाबीनच सोयाबीन दिसते आणि पॉसवर युरियाची विक्री उसाच्या पट्ट्यासारखी आहे, तिथे चौकशीला कारण आहे. या दोन्ही नोंदी शासनाकडे आहेत, पण माझ्या अनुभवात तपासणीला आलेल्या कोणी त्या शेजारी ठेवून पाहिलेल्या नाहीत.

गॅसच्या बाबतीत वेगळा मार्ग घेतला गेला. १ जानेवारी २०१५ पासून देशभर घरगुती सिलिंडर पूर्ण भावाने विकून अनुदान खात्यात टाकायला सुरुवात झाली. सिलिंडरच स्वस्त नसला की तो हॉटेलला विकण्यात अनुदानापुरता तरी नफा उरत नाही. युरियाचेही असे करावे, असे सुचवणारे पुष्कळ आहेत आणि हिशेबाने ते चूक नाहीत. पण पेरणीच्या आठवड्यात, उधारीवर बियाणे नेणाऱ्या माणसाकडे पाच पोत्यांचे पूर्ण पैसे कुठून येणार? शिवाय अनुदान सातबाऱ्यावरच्या नावाला गेले, तर बटईने किंवा ठोक्याने जमीन करणारा कोरडा राहील, कारण खत तो विकत घेतो आणि उतारा मालकाचा असतो. शेतकरी ओळख क्रमांक खतविक्रीला जोडतानाही हाच प्रश्न येणार आहे.

जाता जाता लिंकिंगबद्दल. युरिया हवा असेल तर सोबत न खपणारे विद्राव्य खत घ्या, असे एका पुरवठादाराने मला गेल्या हंगामातही बजावले. छापील भाव वाढवता येत नाही, तेव्हा तो असा दुसऱ्या डब्यातून वसूल होतो, आणि शेवटी तो शेतकऱ्याच्याच बिलात बसतो.

युरियाचा भाव केंद्र ठरवते, हे मला ठाऊक आहे. आपल्या अखत्यारीत असलेल्या दोनच गोष्टी मागतो. येत्या खरिपात जालना, परभणी आणि बीड या तीन जिल्ह्यांत मंडळनिहाय ई-पीक पाहणी आणि पॉस विक्रीचा ताळा दर पंधरा दिवसांनी काढण्याचे आदेश कृषी विभागाला द्यावेत. आणि खतविक्रीला शेतकरी ओळख क्रमांकाची सक्ती होण्याआधी, बटईदाराला मालकाच्या साध्या संमतीपत्रावर नाव नोंदवता येईल अशी सोय तलाठी कार्यालयात करावी.

आपला,
एक खतविक्रेता, परतूर, जि. जालना